सेन्सिटिव्हिटी रिपोर्टचा कागद

[टेबलावर पसरलेली प्रिंट, क्लोजअप]

हाताशी असलेल्या तासांत जास्तीत जास्त नफा देणारा प्लॅन शोधून देतं ते एक्सेलमधलं सॉल्व्हर, आणि स्क्रीनवर दिसतोय तो त्याचा सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट, म्हणजे तास किंवा नफा बदलला तर काय होईल हे सांगणारा कागद. शेड पत्र्याचं फर्निचर बनवणारी आहे, माल तीनच प्रकारचा, कपाट, टेबल आणि रॅक. समजायला सोपं जावं म्हणून आकडे आपण गोल केलेत, हिशोब मात्र पैशापर्यंत बसतो.

[वेल्डिंगच्या ठिणग्या, मग ओव्हनचं दार]

आठवड्याला वेल्डिंगचे 100 तास मिळतात, पावडर कोटिंगच्या ओव्हनचे 60 आणि बेंडिंग प्रेसचे 55. एका कपाटाला वेल्डिंग 2 तास, ओव्हन 1 तास, प्रेस 1 तास लागतो आणि माल-पावडरचा खर्च जाऊन 1100 रुपये सुटतात. टेबलाला वेल्डिंग 1, ओव्हन 1, प्रेस अर्धा तास, सुटतात 800. रॅकला वेल्डिंग 3, ओव्हन 1, प्रेस अर्धा, आणि सुटतात 1200, म्हणजे नगामागे सगळ्यात जास्त पैसे रॅकमध्येच. तरी सॉल्व्हर म्हणतो 40 कपाटं, 20 टेबलं, रॅक एकही नको, आणि आठवड्याचे 60,000 रुपये.

बहुतेक जण एवढं बघून फाईल बंद करतात, आणि हेच आम्हाला मनापासून खटकतं, कारण पुढच्या आठवड्याचे निर्णय ज्याच्यावर घ्यायचे ते सगळं या दुसऱ्या शीटवर असतं.

[पेन्सिलीचं टोक Shadow Price च्या रकान्यावर]

वेल्डिंगच्या ओळीत आकडा आहे 300. म्हणजे वेल्डिंगचा अजून एक तास मिळाला तर नफा 300 नी वाढेल. खरंच वाढतो का? करून बघू. 101 तास धरले तर 41 कपाटं आणि 19 टेबलं होतात, एक कपाट वाढलं 1100 आले, एक टेबल गेलं 800 गेले, हातात राहिले 300. ओव्हनसमोर 500 आहे, आणि प्रेससमोर शून्य, कारण प्रेसचे 5 तास आधीच रिकामे पडलेत, अजून घेऊन करायचं काय.

आता ओव्हरटाइमला तासाला किती द्यायचे? इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. आपण 1100 काढताना वेल्डरची मजुरी वजा केली नव्हती, ती महिन्याच्या पगारात जाते, त्यामुळे ओव्हरटाइमचा तास सगळं धरून 300 च्या आत मिळाला तरच परवडतो. मजुरी आधीच वजा करून नफा मांडला असता तर रिपोर्टमधला आकडा नेहमीच्या मजुरीच्या वर अजून किती देता येईल हे सांगतो.

[पेन्सिल सरकून Allowable Increase वर]

हा 300 किती तासांपर्यंत चालतो ते या रकान्यात, 10. म्हणजे 110 तासांपर्यंतच. तिथे 50 कपाटं, 10 टेबलं होतात आणि प्रेसचे 55 तास संपतात. प्रेसच्या ओळीत याच रकान्यात 1E+30 छापलंय, ते बघून घाबरू नका, त्याचा अर्थ वरच्या बाजूला मर्यादा नाही एवढाच.

[रॅकवर पावडर मारतानाचा लांब शॉट]

"शेठ, रॅकला एवढी मागणी आहे, आपण करत का नाही?" वेल्डरने विचारलेला हा प्रश्न, आणि उत्तर रॅकच्या ओळीत, Reduced Cost -200. रॅकचे 3 तास वेल्डिंग गुणिले 300 म्हणजे 900, वर ओव्हनच्या एका तासाचे 500, झाले 1400, आणि रॅक देतो 1200. हट्टाने एक रॅक केलाच तर 38 कपाटं, 21 टेबलं होतात आणि नफा 59,800 वर येतो. रॅकमध्ये 1400 च्या वर सुटायला लागले तर मात्र तो आपोआप प्लॅनमध्ये येतो. काही सॉफ्टवेअर हाच आकडा वजाचं चिन्ह न लावता छापतात, तेव्हा आधी आपल्या सॉफ्टवेअरची पद्धत बघून घ्या.

[लॅपटॉपवर सॉल्व्हरची खिडकी]

प्रिंट काढताना पद्धत Simplex LP निवडलेली हवी. GRG Nonlinear राहिलं असेल तर कागदावर Shadow Price च्या जागी Lagrange Multiplier येतं आणि मर्यादेचे रकाने गायब असतात, चूक तिथेच कळते. नग पूर्णच पाहिजेत म्हणून int ची अट घातली तर हा रिपोर्ट कामाचाच राहत नाही.

[बेंडिंग प्रेस चालू]

शेडने ओव्हरटाइम 10 तासांवर थांबवला. त्यापुढे वेल्डिंगच्या तासाची किंमत 200 वर उतरते, प्रेसचा तासही 200 चा होतो आणि टेबलांच्या जागी रॅक यायला लागतात, पण हे या कागदावर सापडणार नाही, त्यासाठी 110 च्या पुढचा आकडा टाकून सॉल्व्हर परत चालवायचा आणि नवीन प्रिंट काढायची.