कॅमेऱ्याचं नाव सोडा, शटरचं नाव वाचा

नमस्कार मंडळी. सगळे बसलात ना? मागच्यांना ऐकू येतंय? बरं. विषय तुम्हाला माहितीच आहे, जुना कॅमेरा हातात आला तर तो कुठला, त्याचं शटर, म्हणजे रीलवर उजेड किती वेळ पडू द्यायचा ते ठरवणारा भाग, कुठल्या जातीचं, आणि चालू असेल तर पैसे जास्त मिळतात का. मला पाऊण तास दिलाय. पैशाचं शेवटी सांगतो, कारण ते आधी सांगितलं तर निम्मे लोक चहाला जातील.

इथे बरेच जण बुधवार-रविवारी जुन्या बाजारात फिरणारे आहेत त्यामुळे रील म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. थेट आमच्या काकांच्या कॅमेऱ्यापासून करतो. आमच्या सांगलीच्या घरात एक कॅमेरा होता, फोल्डिंगचा, बटण दाबलं की पुढचं दार उघडतं आणि भात्यासकट लेन्स बाहेर येते तो. घरातल्या मुंजी, लग्नं, पहिलं बारसं, सगळं त्याच्यावर. आणि घरात सगळे त्याला म्हणायचे 'प्रॉन्टर'. काकांचा प्रॉन्टर आणा रे. का, तर लेन्सभोवतीच्या गोल पट्टीवर ठळक अक्षरात तेच लिहिलेलं होतं, प्रॉन्टर-एसव्ही. आता प्रॉन्टर हे कॅमेऱ्याचं नाव नाहीच, ते शटरचं नाव आहे. कॅमेरा होता आग्फा इझोलेट. म्हणजे गाडीला तिच्या टायरच्या कंपनीच्या नावाने हाक मारल्यासारखं झालं. आणि हे फक्त आमच्या घरी नाही, आज ऑनलाइन विकायला लावलेले कॅमेरे बघा, 'कॉम्पूर कॅमेरा', 'प्रॉन्टर कॅमेरा' असंच असतं. मी असं काही दिसलं की थांबतोच, कारण विकणाऱ्याला मॉडेल माहीत नाही पण सगळ्यात उपयोगाची माहिती त्याने नकळत देऊन टाकलेली असते.

हे नीट समजून घ्या, आज मला मुख्य हेच सांगायचंय. त्या काळातल्या जर्मन फोल्डिंग कॅमेऱ्यांत बॉडी बनवणारी कंपनी वेगळी आणि शटर बनवणारी वेगळी. शटरची दोन मोठी घराणी, म्युनिकचं डेकेल म्हणजे कॉम्पूर, आणि काल्मबाखचं गॉथिए म्हणजे प्रॉन्टर, व्हारिओ वगैरे. एकच इझोलेट दोन घ्या, बाहेरून जुळे भाऊ, पण एकात साधं व्हारिओ शटर आणि तीन काचांची आग्नार लेन्स, दुसऱ्यात सिंक्रो-कॉम्पूर आणि चार काचांची सोलिनार. तेव्हाच्या दुकानातही किमतीत फरक होता आणि आजही आहे. म्हणून बॉडीवरचं नाव तुम्हाला घराणं सांगतं, लायकी सांगते ती लेन्सभोवतीची पट्टी.

आणि पट्टीवरचं नाव घासून गेलं असेल तरी स्पीडचे आकडे बघा. व्हारिओवर मोजके तीन-चार आकडे असतात, हळू स्पीड नसतातच, पंचवीसपासूनच सुरू. प्रॉन्टर-एसव्हीवर १, २, ५, १०, २५, ५०, १०० आणि मग एकदम ३००, मधे दुसरं काही नाही, ही त्याची ओळख. (२ म्हणजे अर्धा सेकंद, ५ म्हणजे एक पंचमांश, तसे वाचायचे.) पट्टीवर शेवटी ५०० दिसलं की समजा कॉम्पूर-रॅपिड किंवा सिंक्रो-कॉम्पूर. तो कॉम्पूर-रॅपिड असेल तर एक सांगून ठेवतो, ५०० लावायचं असेल तर आधी लावा आणि मग शटरची लिव्हर ओढून ते भरा. त्या स्पीडला आत एक जादाची स्प्रिंग ताणली जाते, भरल्यानंतर जोर लावून ५०० कडे फिरवलं तर आतलं मोडतं. बाजारात हातात घेऊन खुळखुळ्यासारखे सगळे रिंगा फिरवतात, मला बघवत नाही ते.

तर काकांचा कॅमेरा. काका गेल्यावर तो आत्तेभावाकडे गेला. त्याला फोटोची आवड नाही, त्याने एका विकणाऱ्याला दाखवला. नाव घेत नाही मी. त्याने वरचं बटण दाबलं, बटण खाली जाईना. 'बंद आहे, शोपीस म्हणून पाचशे देतो.' भावाने दिला. दोन महिन्यांनी मी त्याच विकणाऱ्याकडे उभा, कपाटात तोच कॅमेरा, चामड्यावरचा काकांच्या पेनाच्या शाईचा डाग मी कुठेही ओळखीन. किंमत साडेचार हजार, चिठ्ठी लावलेली, 'फुल्ल वर्किंग'. मी विचारलं दुरुस्त कोणी केला? म्हणे दुरुस्त कशाला, चालूच आहे!

आणि चालूच होता हो, पहिल्यापासून. या कॅमेऱ्यात फिल्मच्या एकाच भागावर दोनदा फोटो निघू नये म्हणून लॉक असतं. एक फोटो काढलात की पुढची फिल्म गुंडाळेपर्यंत वरचं बटण अडतं. काकांनी शेवटचा फोटो काढून तसाच ठेवला होता, एवढंच. चावी फिरवली की बटण मोकळं. ती फिरवायची सुद्धा गरज नाही, लेन्सजवळ शटरवरच एक छोटी लिव्हर असते, शटर भरून ती दाबली की थेट शटर उडतं. दहा सेकंदाचं काम होतं आणि आमच्या घरचे चार हजार गेले, पैशाचं जाऊ द्या पण तो कॅमेरा मला परत विकत घ्यावा लागला. हा बघा, हाच तो. (टेबलावरचा कॅमेरा उचलून दाखवतात.) त्यामुळे बंद आहे असं कोणी म्हटलं की आधी लॉक बघा.

आता 'फुल्ल वर्किंग' या शब्दाकडे येतो, कारण त्याच्यावर माझा खरा राग आहे. खट्ट आवाज आला म्हणजे वर्किंग नव्हे. या शटरमध्ये पाच पातळ पोलादी पाकळ्या असतात, त्या उघडतात आणि मिटतात, आणि हळू स्पीडला त्यांना अडवून धरायला आत दातेरी चाकांची एक माळ असते, घड्याळासारखी. एक सेकंदावर लावून उडवलं तर घर्रर्र असा एकसारखा आवाज यायला हवा. मधेच अडखळला, किंवा पाकळ्या उघड्याच राहिल्या, तर ग्रीस वाळून चिकट झालंय. आमच्या या कॅमेऱ्याचं मी काय केलं ते सांगतो, तुम्हालाही घरी करता येईल. मागचं झाकण उघडलं, पुढून दिव्याचा उजेड सोडला आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये मागून रेकॉर्ड केलं, सेकंदाला २४० फ्रेम. मग फ्रेम मोजत बसलो. एक सेकंदाला पाकळ्या २४० फ्रेम उघड्या राहायला हव्यात, राहिल्या ४०८. म्हणजे जवळजवळ पावणेदोन सेकंद, पाऊण स्टॉप जादा उजेड, एक स्टॉप म्हणजे दुप्पट. पंचविसाव्या भागाला साडेनऊच्या आसपास फ्रेम हव्यात, मिळाल्या ११. एवढा फरक निगेटिव्ह रील सहज सोसते. ३०० वर मात्र एकही फ्रेम पुरती भरत नाही त्यामुळे ही युक्ती तिथे चालत नाही, ते दुरुस्तीवाल्याच्या टेस्टरवरच. तर निष्कर्ष काय, दिवसाउजेडी फोटो काढायला कॅमेरा ठणठणीत, हळू स्पीड मात्र सर्व्हिसिंग मागतायत. आता याला वर्किंग म्हणायचं का? माझ्या मते विकताना हेच अस्सं लिहायचं, घेणारा दुवा देईल.

आणखी दोन ठिकाणं बघायची, खास आग्फाची. पुढची लेन्स फोकसला फिरते का? आग्फाचं ग्रीस वर्षानुवर्षात हिरवं घट्ट होऊन सरसासारखं धरतं, पुढची काच आणि तिच्यामागची काच एकत्र जाम होतात, आणि मग फोकसची रिंग फिरते पण दोन्ही काचा बरोबरच फिरतात, फोटो सगळे धूसर. शटर उत्तम आणि फोटो भुरकट, असे कितीतरी 'वर्किंग' कॅमेरे मी पाहिलेत. आणि दुसरं भाता. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च लावा, घड्यांच्या कोपऱ्यांत चांदण्या दिसल्या की समजा भाता गेला. त्याच काळातल्या झाइसचे चामड्याचे भाते बघा, अजून धडधाकट असतात. आणि हात जोडून सांगतो, शटर चिकटलं म्हणून शिवणयंत्राचं तेल सोडू नका, ते पाकळ्यांवर पसरतं आणि मग पाकळ्या एकमेकींना चिकटतात.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच. ठीक आहे, भराभर घेतो.

शटरची दुसरी जात पडद्याची, जर्मन लायका आणि सोव्हिएत झोर्की, फेड. ओळखायचं कसं, मागून उघडल्यावर थेट लेन्स दिसली तर पाकळ्यांचं, कापडाचा पडदा आडवा आला तर पडद्याचं. काही मॉडेलांत तळ काढावा लागतो. झोर्की-फेडला आधी शटर भरायचं आणि मगच स्पीड बदलायचा, म्हणजे कॉम्पूर-रॅपिडच्या ५०० च्या बरोब्बर उलटं, गल्लत करू नका. बाजारात सोनेरी मुलाम्याचे, नक्षीकाम केलेले लायका मिळतात ते बहुतेक झोर्की किंवा फेडच असतात. लेन्स काढा, आत वरच्या बाजूला रेंजफाइंडरचा, म्हणजे अंतर मोजून फोकस जुळवणाऱ्या यंत्रणेचा दांडा दिसेल, त्याच्या टोकाला गोल चाक असेल तर लायकाची शक्यता, चपटा पाचरीसारखा तुकडा असेल तर सोव्हिएत.

आता पैसे. चालू कॅमेऱ्याला जास्त मिळतात का, तर तो कशासाठी विकत घेतला जातोय त्यावर आहे. ज्याने लोक अजून फोटो काढतात, याशिका-मॅट, रोलीफ्लेक्स, सोलिनारचा इझोलेट, त्याला चालू-बंद याने खूप फरक पडतो, आणि नुसतं चालू म्हणण्यापेक्षा त्यावर काढलेल्या रीलचे चार फोटो दाखवले तर अजून पडतो. संग्रहाच्या वस्तूला चालू असणं दुय्यम. २०२२ मध्ये जर्मनीत वेट्झलारच्या लिलावात लायकाचा जनक ऑस्कर बार्नाक याचा स्वतःचा लायका, शून्य मालिकेतला नंबर १०५, एक कोटी चव्वेचाळीस लाख युरोला गेला, तो घेणाऱ्याने रील भरायला घेतला नसणार. तिथे नंबर, मूळ रंग, कोणाच्या हातातला, हेच मोजतात, आणि दुरुस्तीत मूळ भाग बदलला तर किंमत उतरते. आणि आपल्याकडचा घरोघरी असलेला आग्फा क्लिक थ्री, त्याचं शटर इतकं साधं की बिघडायला फारसं काही नाहीच, त्यामुळे चालू म्हणून वेगळे पैसे कोणी देत नाही, पेटी आणि चामड्याचं कव्हर असेल तर देतात.

राहिलं एक. विकण्याआधी दुरुस्त करून घ्यायचा का? परत पट्टी वाचा. आग्नार-व्हारिओवाल्या इझोलेटची पूर्ण सर्व्हिसिंग आणि नवा भाता केलात तर खर्च किमतीच्या वर जाईल, तसाच खरं सांगून विका. सोलिनार-कॉम्पूरवाला असेल तर करून घ्या, वसूल होतं. आमच्यासारखा मधला, प्रॉन्टर-एसव्ही, त्याची फक्त फोकसची काच मोकळी करून घ्या, त्याने सगळ्यात जास्त फरक पडतो आणि काम स्वस्तातलं आहे.

वेळ संपली. ज्यांनी कॅमेरे आणलेत त्यांनी बाहेरच्या टेबलाशी या, आणि कृपा करून येताना रिंगा फिरवत येऊ नका.