तीन पानांवरची एक ‘क्षमता’

शेतीपंप बनवणाऱ्या एका कंपनीत मी भाषा-इंटर्न होते. आठ पानी इंग्रजी माहितीपत्रक मराठीत आणायचं होतं. कच्चा मसुदा तपासणाऱ्या इंजिनिअरनं तीन जागी लाल गोल केले. दुसऱ्या पानावर ‘क्षमता 3 एचपी’, चौथ्यावर ‘क्षमता सेकंदाला 5 लिटर’, सहाव्यावर ‘क्षमता 66 टक्के’. ते म्हणाले, “मॅडम, पंप एकच आहे ना?”

इंग्रजीत तिथे पॉवर, कॅपॅसिटी आणि एफिशिअन्सी असे तीन शब्द होते. मी वेगवेगळ्या दिवशी ती पानं केली आणि दर वेळी हाताशी आलेला शब्द वापरला. प्रत्येक वाक्य सुटं वाचलं तर बरोबर वाटतं, म्हणून चूक दिसली नाही. त्यांनी मग कागदावर हिशेब मांडला. सेकंदाला 5 लिटर पाणी 30 मीटर वर चढवायला साधारण 1,470 वॉट लागतात. 3 एचपी म्हणजे सुमारे 2,240 वॉट. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की ते 66 टक्के. म्हणजे तिन्ही आकड्यांचं एकमेकांशी नातं आहे, आणि मी तिघांना एकच नाव देऊन ते पुसून टाकलं होतं.

आम्ही शब्दांची यादी ठरवली ती अशी: पॉवरला ‘शक्ती’, एफिशिअन्सीला ‘कार्यक्षमता’. पाण्यासाठी परिभाषेतला ‘विसर्ग’ होता, पण आपल्याकडे विसर्ग धरणातून सोडतात, नाहीतर ‘दुःख’मध्ये लिहितात. तिथे ‘पाण्याचा प्रवाह’ घेतलं. हेडला, म्हणजे पाणी जितकं वर चढवायचं त्या उंचीला, ‘शीर्ष’ आहे, तरी दुकानात शेतकरी “किती हेडचा?” असंच विचारतो, ‘हेड’ ठेवलं. नुसत्या ‘क्षमता’ला मात्र पूर्ण बंदी.

बंदी पाळली का, हे शोधताना मराठी विभक्ती आडवी येते. शोधपेटीत ‘क्षमता’ टाकलं तर ‘क्षमतेचा’, ‘क्षमतेनुसार’ सुटतात. म्हणून कान्याशिवाय ‘क्षमत’ शोधायचं. त्यात ‘कार्यक्षमता’ही सापडते, ती डोळ्यांनी गाळायची. यादीत शब्दाच्या शेजारी त्याचं सामान्यरूपही लिहून ठेवलं की काम हलकं होतं.

उलट्या दिशेचा घोटाळा निराळा. शेवटच्या पानासाठी शेतकऱ्यांचे अभिप्राय इंग्रजीत न्यायचे होते. एकानं म्हटलं होतं, “पाच वर्षं झाली, मोटर एकदाही उघडली नाही.” मी सरळ ‘मोटर’ लिहिलं. पण गावाकडे मोटर म्हणजे अख्खा पंपसंच. “मोटर चालू कर” म्हणताना कुणी नुसत्या विजेच्या भागाबद्दल बोलत नसतो. याच माहितीपत्रकात मोटरची हमी वेगळी होती आणि पंपाची वेगळी, त्यामुळे त्या शब्दाला कागदोपत्री वजन होतं. त्या माणसाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, “सगळंच हो. पंखासुद्धा बदलला नाही.” इंग्रजीत ‘पंपसेट’ गेला. आणि ‘पंखा’ म्हणजे इम्पेलर, ही नोंद यादीत शेवटची.