लाल रेघ, निळी रेघ

नमस्कार मंडळी. मी इंटिरियरची कामं करतो, आणि गेली काही वर्षं छोट्या दवाखान्यांचीच कामं जास्त येतात. आज त्यातलंच एक सांगतो, फोंड्याचं.

एक डेंटिस्ट बाई, दुकानाचा गाळा घेतलेला, रुंदी 12 फूट, खोली 40 फूट, म्हणजे आगगाडीचा डबाच म्हणा ना. पुढे शटर, अगदी मागे टॉयलेट कारण ड्रेनेजची लाईन तिथेच, आणि डावी भिंत गल्लीला लागून. बाईंनी स्वतः कागदावर काढून आणलं होतं, पुढे वेटिंग, मग तपासणी, मग ट्रीटमेंटची खुर्ची, मग स्टरलाईज करायची खोली, सगळं एकामागे एक. दिसायला बरोबर. मी त्यावर दोन रेघा ओढल्या, पेशंटची लाल आणि हत्यारांची निळी. लाल रेघ टॉयलेटला जाताना ट्रीटमेंट चालू असलेल्या खोलीतून आणि पुढे थेट ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे हत्यारं वाफेने जंतुमुक्त करायच्या मशीनच्या, बाजूने गेली! म्हणजे कुणाचा तरी सोबत आलेला पोरगा चपला घालून, हातात छत्री टपटपत, धुतलेल्या हत्यारांपाशी.

मग काय केलं, तर उजव्या भिंतीला धरून साडेतीन फुटांची वाट सरळ मागेपर्यंत सोडली. बाई म्हणाल्या अहो एवढी जागा फुकट जाते, पण जात नाही, कारण आता प्रत्येक खोलीला आपलं दार मिळालं आणि कुठलीच खोली रस्ता राहिली नाही. पार्टिशन धरून डावीकडे 8 फूट रुंदी उरली. पुढचे 11 फूट वेटिंग, मग 9 तपासणी, 10 ट्रीटमेंट, 6 स्टराईल आणि 4 टॉयलेट.

वेटिंगला खुर्च्या किती हा हिशोब सोपा आहे. बाई तासाला चार पेशंट बघतात, लोक साधारण तासभर आधीच येऊन बसतात आणि आपल्याकडे दाताला एकटं कोण जातं, सोबत एक माणूस असतोच, म्हणून आठ खुर्च्या. रिसेप्शनचं टेबल त्या वाटेच्या तोंडाशीच, म्हणजे आत जाणारा आणि पैसे देऊन बाहेर पडणारा दोघंही एकाच नजरेत. ओल्या छत्र्या मात्र बाहेर पडवीतच, जून ते सप्टेंबर हे पाळलं नाही तर आतली लादी सुकतच नाही.

खरी गंमत त्या 6 फुटी खोलीत. ट्रीटमेंट आणि स्टराईलमधल्या भिंतीत दोन छोट्या खिडक्या ठेवल्या. गल्लीकडच्या खिडकीतून वापरलेला ट्रे आत येतो, तिथेच सिंक, तिथेच एक्झॉस्ट फॅन, म्हणजे घाणीची हवा गल्लीकडे खेचली जाते, स्वच्छ बाजूला येत नाही. धुवायचं, सुकवायचं, पाऊचमध्ये भरायचं, ऑटोक्लेव्ह, आणि वाटेकडच्या टोकाला कपाट, दुसऱ्या खिडकीतून बाहेर. ट्रे कधीच उलटा फिरत नाही. कपाट आधी गल्लीच्या भिंतीला होतं, ते मुद्दाम हलवलं, कारण पावसात बाहेरची भिंत ओल धरते आणि पाऊचचा कागद दमट झाला की त्यातून जंतू आत शिरतात, मग 121 डिग्रीला 30 मिनिटं वाफ देऊन काय उपयोग.

पाऊच मशीनमधूनच ओला निघत असेल तर बहुतेक वेळा मशीन कोंबून भरलेलं असतं, किंवा सुकायचा वेळ कापलेला असतो. असा पाऊच कपाटात ठेवायचा नाही, नवीन पाऊच घालून परत फिरवायचा. आणि पाऊचवरची खूण रंग बदलली म्हणजे झालं असं समजू नका, बाहेरची खूण एवढंच सांगते की हा मशीनमधून जाऊन आलाय. लाईट गेली तर? मध्येच थांबलेली सायकल पुन्हा पहिल्यापासून. घरगुती इन्व्हर्टरवर ऑटोक्लेव्ह चालवायचं स्वप्न बघू नका, त्याला वेगळा 16 अँपियरचा पॉईंट लागतो.

एक राहिलं. साध्या स्प्लिट एसीने बाहेरची ताजी हवा येत नाही हो, आतलीच फिरते. म्हणून वेटिंगला आम्ही एसी लावलाच नाही, पंखे आणि शटर उघडं.

चवथीच्या आधी उघडायचं होतं म्हणून सुताराची घाई चालली होती, पण मी पार्टिशन लावू दिलं नाही. खडूने लादीवर सगळ्या भिंती आखल्या, बाईंच्या असिस्टंटच्या हातात चहाचा ट्रे दिला आणि म्हटलं ताई, दिवसभराचं काम करून दाखवा. मी पेशंट. स्टराईलच्या दाराशी आम्ही दोनदा आपटलो, चहा माझ्या शर्टवर, आणि वाटेत उघडणारं ते दार त्याच दिवशी सरकतं करून घेतलं.