इंदूरची दुपार आणि सावलीची दिशा

मित्रमैत्रिणींनो, आज आपणच आपल्याला शिकवणार आहोत, आणि विषय आहे भर दुपारची सावली. शाळेपासून आपल्या डोक्यात बसलंय, की दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर असतो. इंदुरात हे वर्षातून फक्त दोन दिवस खरं असतं. एक जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी आणि दुसरा जुलैच्या पहिल्या आठवड्यात. तेसुद्धा बाराला नाही, साडेबाराच्या आसपास. कारण घड्याळाची वेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि आपण त्याच्या बऱ्याच पश्चिमेला. जुलैत बहुधा ढग असतात, म्हणून बघायचं तर जूनमध्येच.

आधी ग्वाल्हेरचं उदाहरण पुरतं सोडवू. ग्वाल्हेर साधारण २६.२ उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनला सूर्य सर्वांत उत्तरेला येतो, म्हणजे २३.४ अंशांवर, कर्कवृत्तावर. तिथून पुढे तो सरकतच नाही. त्यामुळे ग्वाल्हेरला त्या दिवशीही तो डोक्याच्या २.८ अंश दक्षिणेला राहतो. कोन इतका लहान असला की एक मीटरच्या काठीची सावली दर अंशाला साधारण पावणेदोन सेंटिमीटर धरायची. म्हणजे सावली जवळजवळ पाच सेंटिमीटर, उत्तरेकडे पडलेली. ग्वाल्हेरला मध्यान्हीची सावली कधीच नाहीशी होत नाही. काठी मात्र ओळंब्याने उभी करायला हवी. ती एक अंश कलली तरी पावणेदोन सेंटिमीटरची चूक होते, आणि मग मोजमापाला काही अर्थ राहत नाही.

आता स्लाइड्सबद्दल. त्या तुम्हाला आधी दिलेल्या नाहीत, आणि आज त्या उतरवूनही घ्यायच्या नाहीत. प्रत्येक प्रश्नाची स्लाइड येईल, तिच्यावर आकृती नसेल. मिनिटभर कुणाशी न बोलता विचार करा आणि बोटं छातीशी धरून उत्तर दाखवा, म्हणजे शेजाऱ्याला दिसणार नाही. मग मी कीबोर्डवरचं B दाबून पडदा काळा करेन. पडद्यावर काही असलं की माणसं त्याच्याकडेच बघत बसतात, आणि मला तुम्ही एकमेकांशी बोलायला हवे आहात. वेगळं उत्तर दिलेला शेजारी शोधा आणि त्याला पटवा. त्यानंतर पुन्हा बोटं दाखवायची. आकृतीची स्लाइड त्याच्याही नंतर येईल. ही पद्धत हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात रुजवली. पहिल्याच वेळी बहुतेकांचं उत्तर बरोबर आलं तर चर्चा न करता आपण पुढे जाऊ. फारच थोड्यांचं आलं तर चर्चेनेही भागत नाही. तेव्हा मागच्या स्लाइडवर परत येऊ.

पहिला प्रश्न. इंदूर २२.७ अंशांवर आहे. २१ जून, मध्यान्ह, राजवाड्यासमोर एक मीटरची काठी उभी. सावली पडणारच नसेल तर एक बोट, उत्तरेला पडेल तर दोन, दक्षिणेला पडेल तर तीन. एक मिनिट, कुणी बोलू नका.