रेकॉर्डरमधून पेन ड्राइव्हवर: सावद्याची पंधरा मिनिटे

श्रोतेहो, नमस्कार. दुकाने, गोदामे आणि घरे यांना सीसीटीव्ही कॅमेरे बसवून देण्याचे काम मी भुसावळ परिसरात करतो. कॅमेरे बसवून दिले की ते चालतात. पण एखादी घटना घडून तिचे चित्रण दुसऱ्याला दाखवायची वेळ आली, की मला फोन येतो आणि त्यातले गाऱ्हाणे बहुधा एकच असते. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्यांनी असाच फोन केला, “भाऊ, पेन ड्राइव्हमध्ये क्लिप घेतली, पण पोलीस ठाण्याच्या संगणकावर ती उघडतच नाही.”

रात्री माल भरायला आलेल्या एका ट्रकने मागे येताना त्यांच्या वखारीची भिंत पाडली होती आणि चालक न थांबता निघून गेला होता. हमालांच्या सांगण्यानुसार ही घटना 2 वाजून 10 मिनिटांनी घडली. व्यापाऱ्यांच्या मुलाने रेकॉर्डरवर 2 वाजून 5 मिनिटे ते 2 वाजून 15 मिनिटे एवढे चित्रण निवडून पेन ड्राइव्हवर घेतले होते. त्यात दोन चुका होत्या. पहिली चूक फाईलच्या प्रकाराची होती. दुसरी वेळेची होती आणि ती अजून कोणाच्याच लक्षात आलेली नव्हती.

वेळेची चूक आधी सांगतो. मी रेकॉर्डरचा पडदा सुरू करून शेजारी माझा मोबाईल धरला, तेव्हा रेकॉर्डरचे घड्याळ 17 मिनिटे पुढे होते. इंटरनेट जोडलेले नसेल तर ही घड्याळे हळूहळू सरकत जातात. आणि आतला बटणासारखा छोटा सेल संपलेला असेल, तर वीज गेल्यावर काही यंत्रांची तारीख थेट 2000 सालापर्यंत मागे जाते. म्हणजे 2 वाजून 10 मिनिटांची घटना रेकॉर्डरच्या हिशोबाने 2 वाजून 27 मिनिटांना होती आणि मुलाने काढलेल्या दहा मिनिटांत फक्त रिकामे अंगण होते. रेकॉर्डरचा पडदा आणि मोबाईलचे घड्याळ एकाच फोटोत येतील असा फोटो आम्ही काढला, कारण हा फरक पुढे कोणालाही समजावून सांगता यायला हवा. घड्याळ मात्र त्या वेळी दुरुस्त केले नाही. ते मागे नेले तर नवे चित्रण जुन्याच वेळांवर येऊन बसते आणि शोधताना गोंधळ होतो. म्हणून आधी चित्रण काढून घ्यावे, मग घड्याळ लावावे.

आता पेन ड्राइव्ह. बहुतेक रेकॉर्डरना FAT32 पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह लागतो, NTFS असलेला अनेकांना दिसतच नाही. 16 किंवा 32 जीबीचा साधा पेन ड्राइव्ह पुरतो. रेकॉर्डर स्वतःही तो फॉरमॅट करून देतो, पण त्यात आधीचे सगळे पुसले जाते, म्हणून मुलाबाळांच्या लग्नाचे फोटो असलेला पेन ड्राइव्ह या कामाला घेऊ नये. माऊस ज्या खाचेत आहे ती सोडून दुसऱ्या खाचेत पेन ड्राइव्ह लावावा; ही दुसरी खाच बऱ्याचदा यंत्राच्या मागच्या बाजूला असते.

मुख्य मेनूत Backup किंवा Export या नावाचा पर्याय असतो. तिथे कॅमेऱ्याचा क्रमांक, तारीख, सुरुवातीची वेळ आणि शेवटची वेळ भरायची. आम्ही 2 वाजून 20 मिनिटे ते 2 वाजून 35 मिनिटे अशी पंधरा मिनिटे घेतली. त्यांच्या कॅमेऱ्याचा बिटरेट 2 Mbps होता, म्हणजे एका मिनिटाला साधारण 15 एमबी आणि पंधरा मिनिटांना सव्वादोनशे एमबीच्या आसपास. FAT32 वर एक फाईल 4 जीबीपेक्षा मोठी राहू शकत नाही, त्यामुळे अख्खी रात्र काढायला गेलात तर यंत्र तिचे तुकडे पाडते आणि हवा तो क्षण नेमका दोन तुकड्यांच्या सांध्यावर येण्याची भीती असते.

त्याच पडद्यावर फाईलचा प्रकार निवडायची एक बारीक जागा असते आणि बहुतेकांची नजर तिच्यावरून घसरते. मुलाने ती होती तशीच ठेवल्यामुळे `.dav` नावाची फाईल बाहेर आली होती. ही रेकॉर्डर बनवणाऱ्यांची खासगी पद्धत आहे. ती त्यांच्याच प्लेअरमध्ये नीट चालते, इतर संगणकांना ती समजत नाही. फाईलच्या नावातले `.dav` खोडून `.mp4` लिहून पाहण्याचा उद्योगही मुलाने केला होता. केळीच्या खोक्यावरचे लेबल बदलल्याने आतला माल बदलत नाही, तसेच हे आहे. म्हणून मी त्या जागी MP4 निवडले, काम पूर्ण झाल्याचा संदेश येईपर्यंत थांबलो आणि मगच पेन ड्राइव्ह काढला. प्रत अर्धी असताना तो ओढून काढला, तर फाईलचे नाव दिसते पण ती उघडत नाही.

इतके करूनही घरच्या जुन्या संगणकावर आवाज आला आणि चित्र काळे राहिले. खोके आता सगळ्यांच्या ओळखीचे होते, पण आतला माल H.265 पद्धतीने दाबून भरलेला होता. जागा वाचते म्हणून नवे रेकॉर्डर ही पद्धत वापरतात, परंतु जुन्या संगणकांना ती उलगडता येत नाही. मी माझ्या लॅपटॉपवर VLC या मोफत प्लेअरमध्ये फाईल उघडून Ctrl आणि J ही बटणे दाबली, तेव्हा Codec या ओळीत HEVC असे लिहिलेले आले. HEVC म्हणजेच H.265. मग त्याच VLC मध्ये Media, त्यानंतर Convert / Save, असे जाऊन H.264 आणि MP4 अशी जोडी असलेला पर्याय निवडला व वेगळ्या नावाने दुसरी प्रत तयार केली. ही प्रत त्या जुन्या संगणकावर चालली.

रूपांतरित प्रत फक्त पाहण्यासाठी असते, हे मी व्यापाऱ्यांना आवर्जून सांगितले. रूपांतरात चित्र पुन्हा दाबले जाते, बारीक तपशील पुसट होतात आणि फाईलची हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारी लांबलचक संख्या, बदलते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात ही हॅश लिहायची असते. म्हणून तीच पंधरा मिनिटे आम्ही रेकॉर्डरमधून `.dav` या खासगी पद्धतीतही थेट काढली आणि पेन ड्राइव्हवर ती फाईल, तिचा प्लेअर आणि पाहण्याची प्रत अशा तिन्ही गोष्टी ठेवल्या, तर घड्याळाच्या फरकाचा फोटो त्यांनी तक्रारीला जोडला.

हे सगळे लवकर करावे लागते. त्यांच्याकडे चार कॅमेरे आणि 1 टीबीची हार्डडिस्क आहे; या बिटरेटला रोज 86 जीबीच्या आसपास चित्रण होते, म्हणजे अकरा दिवसांच्या आसपास डिस्क भरते आणि सर्वांत जुने चित्रण आपोआप पुसून त्यावर नवे लिहिले जाऊ लागते. त्यांचा फोन आला तेव्हा घटनेला नऊ दिवस झाले होते.