क्रेडिट पुरेसं होतं, तरी ३५ हजार रोख का गेले? आयजीएसटी क्रेडिटची वाटणी

नमस्कार. हार्डवेअरचा होलसेल धंदा करणारे एक व्यापारी मागे माझ्याकडे आले. त्या महिन्याचं देणं एकूण १,४०,००० रुपये होतं आणि क्रेडिटही बरोबर १,४०,००० रुपये. म्हणजे खिशातून एक रुपया जायला नको होता. तरी त्यांनी ३५,००० रुपयांचं चलन भरलं होतं. रिटर्नमधले आकडे बरोबर होते, एकही बिल सुटलं नव्हतं. चुकलं होतं ते एवढंच, की आयजीएसटीचं क्रेडिट कुठल्या डब्यात किती ओतायचं.

आधी आकडे लिहून घ्या, पुढे तेच लागणार आहेत.

(स्क्रीनवर आकडे)

देणं: आयजीएसटी २०,०००, सीजीएसटी ६०,०००, एसजीएसटी ६०,०००.
क्रेडिट: आयजीएसटी ७०,०००, सीजीएसटी ४५,०००, एसजीएसटी २५,०००.

आता तुम्ही विचाराल, राज्यातल्या खरेदीवर सीजीएसटी आणि एसजीएसटी सारखाच लागतो, मग क्रेडिट ४५ आणि २५ असं वेगळं कसं? बरोबर प्रश्न आहे. या महिन्याच्या खरेदीचे दोन्हीकडे २५-२५ हजारच आले होते. सीजीएसटीचे जास्तीचे २०,००० मागच्या महिन्यातून पडून होते. ते का पडून राहिले, ते पुढे कळेलच.

क्रम काय आहे? आयजीएसटीचं क्रेडिट आधी आयजीएसटीच्या देण्याला जातं. इथे त्यातले २०,००० गेले, ५०,००० उरले. हे उरलेले ५०,००० सीजीएसटी आणि एसजीएसटी, दोन्हींकडे वापरता येतात. आणि ते पूर्ण संपल्याशिवाय सीजीएसटी किंवा एसजीएसटीच्या क्रेडिटला हात लावता येत नाही. त्यानंतर सीजीएसटीचं क्रेडिट सीजीएसटीला, एसजीएसटीचं एसजीएसटीला. आयजीएसटीचं देणं अजून शिल्लक असेल तर ही दोन्ही तिकडे चालतात, पण कायद्यात आधी सीजीएसटीचं क्रेडिट सांगितलंय आणि ते उरलं नाही तरच एसजीएसटीचं. सीजीएसटीच्या क्रेडिटने एसजीएसटी मात्र कधीच भरता येत नाही, आणि उलटंही नाही. ही भिंत पक्की आहे. आपलं सगळं गणित या भिंतीमुळेच आहे.

या व्यापाऱ्यांनी काय केलं? उरलेले ५०,००० सगळे सीजीएसटीला लावले. सीजीएसटीचं देणं राहिलं १०,०००, ते स्वतःच्या ४५,००० मधून गेलं आणि ३५,००० तसेच पडून राहिले. तिकडे एसजीएसटीच्या ६०,००० समोर क्रेडिट फक्त २५,०००. उरलेले ३५,००० रोख. एका खात्यात ३५,००० पडून, दुसऱ्यासाठी ३५,००० चं चलन, आणि मधे ती भिंत.

निम्मं-निम्मं केलं असतं तर? पाहू. २५,००० इकडे, २५,००० तिकडे. दोन्हीकडचं देणं ३५,००० झालं. सीजीएसटीचं क्रेडिट ४५,०००, म्हणजे १०,००० उरतात. एसजीएसटीचं २५,०००, म्हणजे १०,००० रोख. नुकसान कमी झालं, पण झालंच. दिसायला न्याय्य असलेली ही वाटणी म्हणूनच नेहमी बरोबर नसते.

बरोबर वाटणी खड्डा मोजून होते. प्रत्येक डब्याचं देणं घ्या, त्यातून त्याच डब्याचं स्वतःचं क्रेडिट वजा करा. सीजीएसटी: ६० उणे ४५, खड्डा १५,०००. एसजीएसटी: ६० उणे २५, खड्डा ३५,०००. दोन्ही मिळून ५०,०००, आणि आपल्याकडे आयजीएसटीचे उरलेतही तेवढेच. मग १५,००० सीजीएसटीला, ३५,००० एसजीएसटीला. रोख शून्य, शिल्लक शून्य.

असं वाटेल तसं विभागता येतं का? येतं, आणि ही सवलत सुरुवातीपासून नव्हती. १ फेब्रुवारी २०१९ पासून कलम ४९ए लागू झालं आणि आयजीएसटीचं क्रेडिट आधी पूर्ण संपवा असं बंधन आलं. त्यात आयजीएसटीनंतर आधी सीजीएसटी, मग एसजीएसटी असा क्रम धरला, की आपल्या व्यापाऱ्यांसारखीच गत व्हायची: सीजीएसटीचं क्रेडिट अडकलेलं आणि एसजीएसटी रोख. त्यावर उपाय म्हणून २९ मार्च २०१९ च्या अधिसूचनेने नियम ८८ए आला. आयजीएसटीचं देणं फिटल्यावर उरलेलं क्रेडिट सीजीएसटी आणि एसजीएसटीला कुठल्याही क्रमाने आणि कुठल्याही प्रमाणात लावता येईल, असं त्यात स्पष्ट आहे. संपवायचं मात्र पूर्ण. पुढच्या महिन्यात परराज्यात मोठी विक्री आहे म्हणून आयजीएसटीचं क्रेडिट राखून ठेवू, असं करता येत नाही.

खड्डे आणि शिल्लक इतके जुळून क्वचितच येतात. आयजीएसटीची शिल्लक कमी असेल तर काही रोख जाणारच. ती रक्कम ठरलेली असते, फक्त कुठल्याही डब्यात त्याच्या खड्ड्यापेक्षा जास्त ओतू नका. शिल्लक जास्त असेल तर दोन्ही खड्डे भरून वरचं वाटायचं, आणि तेव्हा पुढच्या महिन्यासाठी दोन्हीकडे साधारण सारखं उरेल असं पाहा.

आता पोर्टलवर. GSTR-3B मध्ये 6.1 Payment of tax उघडलं की आकडे आधीच भरलेले दिसतात. ती सूचना असते, रकाने बदलता येतात. मी पेन-कागदावर दोन खड्डे काढल्याशिवाय पुढे जात नाही, दोन मिनिटं लागतात. चूक ओळखायची खूण अशी: एका कराच्या रांगेत जास्तीची रोख मागितली जातेय आणि त्याच वेळी दुसऱ्या कराच्या क्रेडिटमध्ये शिल्लक राहतेय, असं दिसलं की थांबा. रोख मागणाऱ्या रांगेत आयजीएसटीचं क्रेडिट वाढवा, दुसऱ्या रांगेत तेवढंच कमी करा. हे चलन काढण्याच्या आधी, कारण क्रेडिट एकदा खात्यातून वळतं झालं की त्या महिन्याचा सेट-ऑफ बदलता येत नाही.

रिव्हर्स चार्जचा कर, व्याज आणि लेट फी यांना या गणितात धरू नका. ते क्रेडिटमधून जात नाहीत, रोखच भरावे लागतात. ज्यांची महिन्याची करपात्र विक्री ५० लाखांच्या वर आहे, त्यांना नियम ८६बी खाली काही अपवाद सोडले तर किमान एक टक्का कर रोख भरावा लागतो. त्यांची रोख शून्यावर येणार नाही.

आता त्या अडकलेल्या ३५,००० चं काय? परतावा निर्यातीसारख्या शून्य दराच्या पुरवठ्यात किंवा उलट्या कर-रचनेत, म्हणजे खरेदीवरचा दर विक्रीवरच्या दरापेक्षा जास्त असेल तेव्हा, मिळतो. साध्या व्यापाऱ्याला तो मार्ग नाही, वापरूनच संपवायचे. पुढच्या महिन्यात त्यांचं सीजीएसटी-एसजीएसटीचं देणं पुन्हा ६०-६० हजार, नवं क्रेडिट २५-२५ हजार, आणि आयजीएसटी फिटल्यावर तिकडचे ३०,००० उरले. सीजीएसटीला नवे २५ आणि जुने ३५ मिळून ६०, म्हणजे खड्डा शून्य. एसजीएसटीचा खड्डा ३५. मग ३०,००० सगळे एसजीएसटीला लावले, ५,००० रोख भरले. जुन्या सवयीने सीजीएसटीला लावले असते, तर पुन्हा ३५,००० चं चलन निघालं असतं.