देव्हाऱ्याच्या नक्षीतला तुपकट थर

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी सागवानी देव्हारा आहे आणि त्याच्या महिरपीवर समोरासमोर दोन मोर कोरलेले आहेत. रोजचे निरांजन नेमके त्यांच्याखाली तेवते, त्यामुळे तुपातेलाचे अंश आणि वातीची काजळी पिसांच्या खाचांत बसते आणि खिडकीतून येणारी रस्त्याची धूळ तिच्यावर चिकटते. एका दिवाळीआधी मी त्यावर सरळ ओले फडके फिरवले. उंचवटे चकाकले, पण खाचांत धुळीचा चिखल होऊन तो वाळल्यावर पहिल्यापेक्षा घट्ट बसला.

म्हणून आता पाण्याचा थेंबही लावण्याआधी मऊ, कोरड्या ब्रशने वरून खाली झाडून घेतो आणि व्हॅक्यूम क्लीनरचे तोंड जवळ धरतो, म्हणजे सुटलेली धूळ पुन्हा बसत नाही.

मग पॉलिश ओळखायचे. मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब ठेवून मिनिटाभराने बोट लावावे. बोट चिकटले, तर ते लाखेचे स्पिरिट पॉलिश आहे आणि त्यावर स्पिरिट किंवा सॅनिटायझर मुळीच वापरू नये. जुन्या देव्हाऱ्यांवर बहुधा हेच असते.

तुपकट थरासाठी रंगाच्या दुकानातले मिनरल टर्पेंटाइन चालते, कारण ते चिकटा विरघळवते, पण वाळलेल्या लाखेला सोडवत नाही. मेणाचे पॉलिश असेल, तर ते मात्र निघेल. देव आणि समई आधी बाजूला ठेवावेत, घरात कुठेही ज्योत नसावी आणि खिडक्या उघड्या असाव्यात. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून तो नुसता दमट करावा, तळहाताएवढ्या भागावर फिरवावा आणि लगेच कोरड्या सुती कापडाने टिपावे. सुई किंवा तार खाचेत घालण्याचा मोह टाळावा. तिचा ओरखडा कायमचा राहतो.

काम करताना नजर कापसावर ठेवावी. तो करडा किंवा काळपट येत असेल, तर मळ निघतो आहे. तांबूस आणि चिकट दिसू लागला, की पॉलिश सुटते आहे आणि तिथेच हात थांबवावा. आमच्या मोरांच्या मानेखालची काळसर रेघ मी दोनदा घासली आणि मग लक्षात आले, की ती कारागिराने मुद्दाम दिलेली गडद छटा होती. सोनेरी वर्ख किंवा रंगकाम असेल, तर तो भाग फक्त कोरडा झाडावा.

खाण्याचा सोडा आणि लिंबू तांब्यापितळेकडेच ठेवावे. सोड्यासारख्या क्षाराने सागवानातले टॅनिन काळवंडते.

शेवटी मळके बोळे डब्यात कोंबू नयेत, बाहेर पसरून वाळवावेत आणि वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे निदान एक दिवस, निरांजन देव्हाऱ्यापासून दूर पाटावर लावावे.